दूध तापवताना काय जातं, काय उरतं

डिसेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात एक ते पाच वर्षं वयाची पाच मुलं आजारी पडली. तिघांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली होती आणि दोघांना क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे जुलाब लागले होते. तिघांपैकी तीन वर्षांचा एक मुलगा दगावला. पाचही मुलं न तापवलेलं गाईचं दूध प्यायली होती. ऑस्ट्रेलियात असं दूध पिण्यासाठी विकायला बंदी आहे. तरीही ते दुकानात मिळत होतं, कारण बाटलीवर 'आंघोळीचं दूध' असं लिहिलेलं होतं. बाटली मात्र नेहमीच्या पिण्याच्या दुधासारखीच दिसायची, आणि घेणाऱ्यांपैकी अनेकांना ते कशासाठी घ्यायचं हे पक्कं ठाऊक होतं. पुढच्याच वर्षी व्हिक्टोरिया सरकारने नियम केला की असं दूध विकायचं असेल तर ते पिताच येऊ नये यासाठी त्यात कडू पदार्थ मिसळावा लागेल.

त्या पालकांना आपण मुलांना काही वाईट देतोय असं वाटत नव्हतं. उलट कारखान्यात न गेलेलं, जिवंत, सकस दूध देतोय अशीच त्यांची समजूत होती. तीच समजूत आता पुण्यामुंबईच्या सोसायट्यांमध्ये काचेच्या बाटल्यांतून पोहोचू लागली आहे. गीर गाय, ए-टू दूध, पहाटे काढलेलं आणि कशाचीही प्रक्रिया न केलेलं, अशी त्याची जाहिरात असते. बहुतेक घरांत ही बाटली आली की दूध आधी गॅसवर चढतं, आणि ते चांगलंच आहे. पण 'तापवलं की त्यातलं सगळं सत्त्व जातं' हे वाक्यही त्याच घरांत ऐकू येऊ लागलं आहे. म्हणून हे सत्त्व म्हणजे नेमकं काय, त्यातलं किती जातं आणि त्याच्या बदल्यात काय टळतं, याचा हिशेब मांडायला हवा.

सुरुवात गोठ्यापासून करू. निरोगी गाईच्या कासेत दूध जवळजवळ निर्जंतुक असतं. जंतू येतात ते बहुतेक बाहेरून: सडांना लागलेल्या शेणातून, धार काढणाऱ्याच्या हातांतून, नीट न धुतलेल्या किटलीतून. काही जंतू मात्र आतूनच येतात. कासदाह झालेल्या गाईच्या दुधात ते असतात, आणि ब्रुसेला किंवा गोवंशाच्या क्षयाचा जंतू तर वरून धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या दुधातूनही उतरू शकतो. गोठा कितीही लखलखीत असला तरी हा दुसरा मार्ग बंद होत नाही.

व्हिक्टोरियातल्या तीन मुलांना जो विकार झाला, त्याला हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात. तो बहुतेकदा शिगा नावाचं विष तयार करणाऱ्या ई. कोलाय जंतूंमुळे होतो. त्यातला सगळ्यांत कुप्रसिद्ध प्रकार ओ-१५७. माणसाला आजारी पाडणारा म्हणून तो १९८२ साली अमेरिकेत ओळखला गेला, अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमुळे. गाईला त्याचा काहीच त्रास होत नाही. विषाला चिकटण्यासाठी पेशींवर जी खूण लागते, ती गाईच्या आतड्यांतल्या रक्तवाहिन्यांवर नसते. त्यामुळे गाय चरते, दूध देते आणि शेणातून जंतू टाकत राहते. तिच्याकडे बघून कोणालाही काही कळत नाही, अनुभवी गवळ्यालाही नाही आणि जनावरांच्या डॉक्टरालाही नाही.

मुलाच्या शरीरात गोष्ट वेगळी घडते. पोटात गेलेले शंभराहून कमी जंतूही पुरतात. तीन-चार दिवसांनी पोटात कळा येतात, जुलाब लागतात आणि ते रक्ताचे होतात. ताप बहुधा नसतो किंवा अगदी थोडा असतो, म्हणून घरच्यांना धोका जाणवत नाही. बहुतेक मुलं आठवड्याभरात बरी होतात. पण साधारण पाच ते पंधरा टक्के मुलांमध्ये, नेमके जुलाब थांबत आलेले असताना, विष रक्तातून मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेलं असतं. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं, त्यांत गुठळ्या धरतात आणि तिथून जाणाऱ्या तांबड्या पेशी फुटतात. मूल पांढरं पडतं, मलूल होतं, डोळ्यांभोवती सूज येते आणि लघवी कमी होते. हा आजार झालेल्या मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांना काही काळ डायलिसिस लागतं. पाच वर्षांखालच्या मुलांना हा धोका सर्वांत जास्त. म्हणून रक्ताचे जुलाब झालेल्या मुलाला संडास थांबवणारी गोळी घरच्या घरी देऊ नये, आणि उरलेली जुनी अँटिबायोटिकही देऊ नये. या जंतूच्या बाबतीत काही अँटिबायोटिकांमुळे विष जास्त सुटण्याची शक्यता असते. मुलाला थेट डॉक्टरांकडे न्यावं आणि ते कच्चं दूध प्यायलं असेल तर तसं सांगावं.

यावर एक उत्तर नेहमी येतं: 'आमचं दूध तपासलेलं असतं.' हे उत्तर प्रामाणिक असू शकतं, तरीही ते पुरत नाही. का, ते सोप्या आकड्यांत पाहू. समजा, शंभर लिटरच्या टाकीत शेणाचा एक बारीकसा कण पडला आणि त्याबरोबर हजार जंतू आले. म्हणजे लिटरमागे दहा. प्रयोगशाळेने तपासायला पंचवीस मिलिलिटर दूध घेतलं, तर त्यात सरासरी पाव जंतू येतो. म्हणजे दर चार नमुन्यांपैकी तीनहून अधिक नमुन्यांत एकही जंतू सापडणार नाही आणि अहवाल स्वच्छ येईल. त्याच टाकीतल्या दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात मात्र सरासरी दोन जंतू असतील. आता तो पेला, किंवा ती बाटली, चार तास उन्हाळ्याच्या हवेत राहिली असं धरा. अनुकूल उष्णतेत हे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात असं धरलं, तर चार तासांत आठ वेळा दुप्पट होतील आणि दोनाचे पाचशे होतील. फ्रिजमध्ये ही वाढ थांबते, पण जे आहेत ते मरत नाहीत. लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रिजच्या थंडीतही सावकाश वाढत राहतो. आणि आजचा अहवाल आजच्या धारेपुरता असतो. उद्या सकाळी गाय तीच असली तरी शेणातले जंतू तेवढेच असतील असं नाही.

इटलीत हे फार मोठ्या प्रमाणावर अनुभवाला आलं. तिथे शेतकऱ्यांनी गावोगावी कच्च्या दुधाची यंत्रं बसवली होती. नाणं टाकायचं, बाटली लावायची आणि थंड ताजं दूध भरून न्यायचं. लोकांना ते आवडलं, शेतकऱ्यालाही भाव बरा मिळाला. मग या दुधाशी जोडले गेलेले मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रकार मुलांमध्ये समोर आले. डिसेंबर २००८ मध्ये इटलीच्या आरोग्य मंत्रालयाने आदेश काढला की यंत्रावर लाल अक्षरांत लिहायचं, हे दूध उकळल्यानंतरच प्यावं. सरकारने यंत्रं बंद केली नाहीत. गाय, गोठा, शेतकरी, सारं तसंच ठेवलं आणि मधे फक्त एक पातेलं आणलं. महाराष्ट्रातल्या घराने हे पातेलं पिढ्यान्‌पिढ्या आपलं आपणच मधे ठेवलेलं आहे.

भारतात कच्च्या दुधाचा धोका फक्त ई. कोलायपुरता नाही. शिगा विष बनवणारे जंतू इथल्या गुरांत आणि दुधातही सापडले आहेत. पण इथे जास्त विचार करावा लागतो तो ब्रुसेलोसिसचा. अंगात मुरलेला, चढउतार होणारा ताप, घाम, सांधेदुखी आणि मुलांमध्ये अनेकदा गुडघा किंवा खुबा सुजणं, ही त्याची लक्षणं. ती टायफॉइडशी किंवा क्षयाशी मिळतीजुळती असतात, म्हणून निदान लांबतं. हा जंतू दुधातून येतो हे माल्टा बेटावर कळलं. तिथल्या ब्रिटिश सैनिकांना हा ताप वारंवार यायचा. डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे आणखी अठरा वर्षं कळलं नाही. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टीज डॉक्टरने धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये तो दाखवून दिला. पुढच्या वर्षी सैनिकांच्या जेवणातून शेळीचं दूध काढून टाकलं आणि छावणीतला ताप झपाट्याने ओसरला. शेळीचं दूध हलकं म्हणून बाळाला न तापवता देणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. भारत सरकारने २०१९ पासून वासरांना आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस देण्याची मोहीम हाती घेतली आहे. ती चार ते आठ महिन्यांच्या माद्यांना दिली जाते, म्हणजे सगळ्या कळपाला तिचं कवच मिळायला वर्षं जातील.

गोवंशाचा क्षय दुधातून आला की मुलांच्या मानेतल्या गाठी सुजतात. आपल्याकडे जुने लोक ज्याला गंडमाळा म्हणत, त्यातल्या काही अशा दुधाच्या असत. दुधाचं पाश्चरीकरण सर्वत्र होण्याआधी, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, ब्रिटनमध्ये गोवंशाच्या क्षयाने वर्षाला दोन हजारांच्या आसपास माणसं मरत, आणि त्यांत लहान मुलं फार होती.

आता उष्णतेकडे वळू. दूध ७२ अंश सेल्सिअसला पंधरा सेकंद तापवून लगेच थंड करणं, किंवा ६३ अंशांना अर्धा तास ठेवणं, याला पाश्चरीकरण म्हणतात. हे आकडे अंदाजाने ठरलेले नाहीत. पूर्वी क्षयाच्या जंतूला मारेल एवढी उष्णता हे माप होतं. पुढे क्यू फीव्हरचा कॉक्सिएला हा जंतू त्याहून थोडा चिवट निघाला, तेव्हा १९५६ मध्ये अमेरिकेत अर्ध्या तासाच्या पद्धतीचं तापमान एका अंशाने वाढवलं. दूध खरोखर तेवढं तापलं का, हे कळण्याची सोयही दुधातच आहे. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर असतं आणि ते या चिवट जंतूहून किंचित जास्त उष्णतेला नष्ट होतं. डेअरीत थोड्या दुधात रसायन घालून पाहतात. रंग आला तर विकर जिवंत आहे, म्हणजे दूध पुरेसं तापलेलं नाही किंवा त्यात नंतर कच्चं दूध मिसळलं आहे. घरी दूध उकळतं तेव्हा ते या मापाच्या कितीतरी पुढे जातं. फक्त एक काळजी घ्यायची. फेस वर आला म्हणजे पातेल्यातलं सारं दूध सारखं तापलं असं नाही. म्हणून आच मंद करून, ढवळत, दोन-तीन मिनिटं उकळू द्यावं.

मग यात सत्त्व किती जातं? दुधाचं मुलासाठी सगळ्यांत मोठं मोल प्रथिनं आणि कॅल्शियममध्ये आहे. दोनशे मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं आणि दोनशे चाळीस मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. उकळल्यावरही ते जवळपास तेवढंच राहतं. दह्याच्या निवळीत उतरणाऱ्या प्रथिनांची घडी उष्णतेने उलगडते, पण मुलाच्या पोटाला त्यातून तीच अमिनो आम्लं मिळतात. ए-टू आणि ए-वन यांतला फरक केसीन या प्रथिनातल्या एका अमिनो आम्लाचा आहे. तो उकळल्यावरही तसाच राहतो, आणि त्याचा जंतूंशी काही संबंध नाही. स्निग्धांश आणि त्यातलं अ जीवनसत्त्व टिकतं.

कमी होतं ते मुख्यतः क, फोलेट, ब-१ आणि ब-१२. पाश्चरीकरणात ब-१२ दहा टक्क्यांहून कमी जातं, घरच्या उकळीत थोडं जास्त. क जीवनसत्त्वाचा बराच भाग जातो, पण दुधात ते मुळात शंभर मिलिलिटरला एक-दोन मिलिग्रॅमच असतं. पेरूच्या एका फोडीत त्याहून कितीतरी पट मिळतं. क जीवनसत्त्वासाठी मुलाला कच्चं दूध देणं हा हिशेबच चुकीचा आहे.

ब-१२ची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती झटकून टाकू नये. शाकाहारी मराठी घरात मुलाला ब-१२ मिळण्याचा मोठा मार्ग दूध-दहीच असतो. एका पेल्यात ते पाऊण-एक मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाची रोजची गरज १.२ मायक्रोग्रॅम आहे. एका उकळीने होणारी घट पेल्यातल्या चार-पाच घोटांएवढी. खरं नुकसान पुढे होतं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री सारं पातेलं पुन्हा पुन्हा उकळलं जातं, तेव्हा प्रत्येक वेळी थोडं थोडं जात राहतं. दूध एकदा नीट उकळावं, पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून लवकर गार करावं, फ्रिजमध्ये ठेवावं आणि पुढच्या वेळी लागेल तेवढंच कोमट करावं. लवकर गार करण्याला आणखी एक कारण आहे. बॅसिलस जातीच्या काही जंतूंचे बीजाणू उकळीतही जगतात आणि ओट्यावर कोमट राहिलेल्या दुधात पुन्हा वाढू लागतात. त्याच कारणाने तापवलेल्या दुधात नवं कच्चं दूध ओतू नये.

आणि ब-२, म्हणजे रायबोफ्लेविन, उष्णतेला जवळपास दाद देत नाही, पण उजेडाला हरतं. पारदर्शक काचेच्या बाटलीतलं दूध सकाळच्या उन्हात दाराशी तास-दोन तास राहिलं, तर त्यातलं ब-२ उकळीपेक्षा जास्त जाऊ शकतं. 'सत्त्व राखायचं' म्हणून ज्या बाटलीतून हे दूध येतं, तिचीच ही उणीव आहे. बाटली लगेच आत घ्यावी.

कच्चं दूध पचायला सोपं असतं, कारण त्यात विकरं असतात, असाही एक दावा आहे. दुधातली साखर पचवणारं विकर म्हणजे लॅक्टेज. गाईच्या ताज्या दुधात ते कामापुरतंही नसतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने दूध न पचणाऱ्या सोळा प्रौढांवर हे पाहिलं. कच्च्या आणि पाश्चरीकृत दुधाने त्यांचं पोट सारखंच बिघडलं.

दम्याचा दावा मात्र गांभीर्याने घ्यायला हवा, कारण त्यामागे खरं संशोधन आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधल्या हजारो ग्रामीण मुलांवर 'गॅब्रिएला' नावाचा अभ्यास झाला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतावरचं कच्चं दूध पिणाऱ्या मुलांमध्ये दमा आणि परागज्वर कमी आढळला. तेच दूध उकळून पिणाऱ्यांमध्ये हा फरक दिसला नाही. दुधातल्या जंतूंच्या संख्येशी या फायद्याचा संबंध जुळला नाही. जुळला तो निवळीतल्या, उष्णतेने उलगडणाऱ्या काही प्रथिनांशी. म्हणजे उष्णतेने खरोखर काही तरी जात असावं. पण हा संबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. ज्या घरातलं मूल आधीच सारखं आजारी असतं, त्या घरात दूध उकळण्याची काळजी जास्त घेतली जाते, असंही असू शकतं. आणि ज्या शास्त्रज्ञांनी हा फायदा दाखवला, त्यांनीच मुलांना कच्चं दूध देऊ नका असंही लिहिलं. त्यानंतर जर्मनीत सुरू झालेल्या 'मार्था' या चाचणीत लहान मुलांना कच्चं दूध दिलेलंच नाही. तिथे हलकं पाश्चरीकरण केलेलं दूध आणि अति-उष्णतेने टिकाऊ केलेलं दूध यांची तुलना होते. फायद्याचा शोध उष्णतेच्या अलीकडे नाही, तर कमीत कमी पुरेशा उष्णतेत घेतला जातोय.

याच तोलाचा निर्णय मुंबईत रोज होतो. सायनच्या महापालिका रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. दुसऱ्या आईने दिलेलं दूध तिथे ६२.५ अंशांना अर्धा तास तापवतात, मगच ते अपुऱ्या दिवसांच्या बाळाला देतात. आईच्या दुधातली रोगप्रतिकारक प्रथिनं त्यात काही प्रमाणात घटतात, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. तरीही दाती अनोळखी असताना ते तापवणं सोडत नाहीत. आपल्या आईचं दूध थेट पिणाऱ्या बाळाला अर्थातच यातलं काही लागू नाही.

पिशवीतल्या दुधाचं काय? ते आधीच पाश्चरीकृत असतं. मुंबईला अशा दुधाची सवय तशी जुनी. १९४५ मध्ये सरकारी योजनेखाली आणंदहून मुंबईला दूध येऊ लागलं, तेव्हा चारशे किलोमीटरहून अधिक रेल्वे प्रवासात ते टिकावं म्हणून आणंदलाच पाश्चरीकरण होत असे. थंडी अखंड राहिली असेल तर असं दूध पुन्हा उकळण्याची गरज तत्त्वतः नसते. पण पहाटे क्रेट फूटपाथवर उतरतात, पिशव्या दुकानाबाहेर ठेवल्या जातात आणि कधी पिशवी चिरलेलीही असते. लहान मूल घरात असेल तर एकदा उकळण्यात नुकसान नगण्य आहे. टेट्रा पॅकमधलं दूध सीलबंद असेपर्यंत तसंच वापरता येतं.

धारोष्ण दुधाचा विषय निघाला की आयुर्वेदाचा दाखला दिला जातो. सुश्रुतसंहितेत धारोष्ण दूध गुणकारी म्हटलं आहे, हे खरं. पण त्याच ठिकाणी कच्चं दूध जड आणि उकळलेलं हलकं असंही सांगितलं आहे, आणि अपवाद केला आहे तो आईच्या दुधाचा. धारेवरचं दूध पिण्याची ती सवय ज्या काळातली, त्या काळात जंतू कोणाला दिसत नव्हते. मे महिन्यात गावी गेलेल्या नातवाला आजोबा गोठ्यात नेऊन फेसाळ पेला देतात, तेव्हा त्यांना आपलं लहानपण आठवत असतं. गोठ्यात वाढलेल्या माणसाच्या अंगात त्या जंतूंची ओळख असू शकते. शहरातून आलेल्या चार वर्षांच्या मुलाच्या अंगात ती नसते. त्या मुलाला तेच दूध अर्ध्या तासाने, चुलीवरून उतरवून, सायीसकट द्यायला काहीच हरकत नाही.

आणखी एक वाट आहे जी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे पंचामृत. पूजेला निरसं दूध लागतं, म्हणून एरवी दूध उकळल्याशिवाय न देणाऱ्या घरातही सत्यनारायणाला आणि गणपतीत मुलांच्या हातावर निरशा दुधाचं तीर्थ पडतं, आणि ते सकाळपासून ताम्हनात उभं असतं. पाश्चरीकृत पिशवीचं दूध आयत्या वेळी घेतलं तर हा प्रश्न बराचसा सुटतो. सुटं दूध असेल तर अभिषेकापुरतं निरसं वेगळं ठेवावं आणि वाटायचं पंचामृत उकळून गार केलेल्या दुधाचं, वाटण्याच्या थोडं आधी करावं. एक वर्षाखालच्या बाळाला तेही देऊ नये, कारण त्यात मध असतो आणि मधातले बॉट्युलिझमचे बीजाणू त्या वयाच्या आतड्यात रुजू शकतात.